बापाचं बी आणि लेकाचं पाकीट



रोहिण्या जवळ आल्या. राब भाजून झाले, आता पेरणीच्या तयारीला सगळे लागतील. याच दिवसांत तालुक्याच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानांपुढं रंगीत पाकिटं लटकतात, आणि याच दिवसांत पाड्यापाड्यांवर एक भांडण सुरू होतं. पोरगा म्हणतो पाकीट आणू, बाप म्हणतो कणगीतलं काढू. गेल्या दोन-तीन बैठकांत हा विषय निघाला आणि दोन्ही बाजूंनी बोलणारे उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, संघटनेनं हायब्रीडवर बंदी घालावी. कुणी म्हणालं, आमची पोरं उपाशी ठेवून जुनं बी जपायचं का?

आम्ही बंदी घालणार नाही, आणि डोळे झाकून पाकिटाचीही बाजू घेणार नाही. आधी गोष्ट नीट समजून घेऊ. म्हणून यावेळी संपादकीयात एक गोष्टच लिहितो. ही कुणा एका घरची नाही. जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडं गावोगाव जे बोलणं ऐकलं, जे हिशोब लोकांनी मांडले, ते एका घरात आणून ठेवलेत. नावं घातली नाहीत. बाप आणि लेक, एवढंच.

पहिलं वर्ष

बापाकडं ओहोळालगत एक एकराचं खाचर आणि वर उतारावर दीड एकर जंगलजमीन. उतारावर हळवं भात आणि नागली, खाचरात गरवं भात. बी आजोबापासूनचं. लेक आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला, दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणारा. भट्टीवर त्याला खाली कालव्याच्या गावचा एक जण भेटला. त्यानं सांगितलं, आम्ही एकरी वीस क्विंटल भात काढतो. लेक घरी आला तो डोक्यात तो आकडा घेऊनच.

"बाबा, तू एकरात किती काढतोस?"

"देवाच्या दयेनं आठ-नऊ खंडलं तरी बास. कधी सात."

"त्याच मेहनतीत तो वीस काढतो. आपण सहा तोंडं खाणारी. भादव्यात खावटी घ्यायला सावकाराच्या दारात कोण जातो? तूच जातोस ना?"

बाप गप्प बसला. हे खरं होतं. मग म्हणाला, "त्याच्याकडं कालवा हाय. आपल्याकडं काय हाय? वरचा पाऊस."

"खाचरात पाणी राहतं की."

"राहतं, दसऱ्यापर्यंत. पुढं नाय. पाकिटावर दिवस किती लिहिलेत ते वाच."

लेकानं वाचलं. 125 ते 130 दिवस. बापानं बोटावर मोजलं. मृगात राबावर पेरलं तर कापणी ऑक्टोबरच्या मध्याला किंवा पुढं. आपल्याकडं पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. भाताला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते पोटरीत असताना, निसवताना आणि दाणा भरताना. खाचरात ती वेळ निभावते. उतारावर मात्र पाणी दोन दिवसांत निसटतं, तिथं 130 दिवसांचं भात निसवायला आलं की जमिनीला भेगा पडलेल्या असतात. तिथं शंभर दिवसांच्या आत-बाहेर येणारं हळवंच पाहिजे. शिवाय हळवं भात दसऱ्याच्या आधी घरात येतं, उपासमारीच्या महिन्यात तेच पहिलं पोटात जातं. यावर लेकानंही वाद घातला नाही. उतारावर हळवं आणि नागली राहू दे, असं ठरलं.

राहिलं खाचर. त्याचे दोन भाग केले. वीस गुंठ्यांत लेकाचं पाकीट, वीस गुंठ्यांत बापाचं गरवं. बाप म्हणाला, "दोन्ही डोळ्यांदेखत होऊ दे."

लेकानं तीन किलो बी आणलं. बापाला ते पाहून हसू आलं, कारण तो एवढ्याच जागेला दहा-बारा किलो पेरायचा. पण लेकानं दुकानदाराकडून नीट विचारून घेतलं होतं. राबावर विरळ पेरलं, 21 ते 25 दिवसांची रोपं काढली आणि एका चुडात एक-दोनच रोपं लावली. बापाचा आवा जुनाच राहिला, महिना-सव्वा महिना उलटलेली रोपं, एका चुडात पाच-सहा. लेकाच्या तुकड्यात फुटवे दाट आले. बापानं ते कबूल केलं.

मग लेक म्हणाला, "तुझ्या भातालाही थोडा युरिया टाकू. कशाला मागं ठेवायचं?" बाप नको म्हणत होता, तरी एका कोपऱ्यात टाकून पाहिला. त्या कोपऱ्यातलं गरवं कमरेच्या वर गेलं, काळंभोर दिसलं आणि हस्ताच्या पावसात वाऱ्यानं आडवं झालं. लोंब्या चिखलात टेकल्या, दाण्याला मोड फुटले. गावठी भात उंच असतं, त्याची काडी बारीक. नत्र जास्त मिळालं की ते दाण्यापेक्षा उंचीत जातं आणि लोळतं. पाकिटातलं भात बुटकं आणि जाड काडीचं, ते युरिया खाऊन उभं राहतं. म्हणजे दोन्ही बियांची भूकच वेगळी. गावठीला पाकिटाचा खुराक चालत नाही, आणि पाकिटाला गावठीसारखं उपाशी ठेवलं तर तेही देत नाही.

खळ्यावरचा हिशोब

झोडणी झाली. बापाच्या वीस गुंठ्यांत साडेचार क्विंटल. लेकाच्या वीस गुंठ्यांत सात क्विंटल. कालवेवाल्यासारखं दहा नाही झालं, कारण शेवटचं पाणी कमी पडलं. तरी अडीच क्विंटल जास्त. लेक खूश. आजूबाजूचेही बघायला आले.

बापानं खळ्यावरच काडीनं मातीत हिशोब मांडला. बियाण्याचे 360. एक गोणी युरिया आणि अर्धी गोणी मिश्र खत मिळून 430. तुडतुडे आले तेव्हा फवारणीला 170. एकूण 960 रुपये, जे बापाच्या तुकड्याला लागले नाहीत. व्यापाऱ्याचा भाव क्विंटलला 500. अडीच क्विंटलचे झाले 1250. हातात राहिले 290.

"आणि पेंढा?" बाप म्हणाला. "तुझा पेंढा बुटका. माझ्या पेंढ्यावर बैल पावसाळ्यापर्यंत काढतात आणि गोठ्याचं छपरबी होतं. तो मोज."

लेक म्हणाला, "तू विकायच्या भावानं मोजतोस. आपण भात विकतो कुठं? खातो. अडीच क्विंटल भाताचा दीडेक क्विंटल तांदूळ होतो. सहा माणसांचं घर दीड-दोन महिने चालतं. तेवढे दिवस खावटी नको. हे तुझ्या काडीत कुठं आलं?"

हा मुद्दा बिनतोड आहे. पोटाचा हिशोब बाजारभावानं होत नाही, आणि ज्या घरात भादव्यात पेज पातळ होते तिथं अडीच क्विंटल ही मोठी गोष्ट आहे. जे साथी बैठकीत हायब्रीडला सरसकट शिव्या देतात त्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

पण बापानं पुढं विचारलं, "हे 960 कुठून आणलेस?"

"भट्टीच्या उचलीतून."

"उचल नसती तर?"

लेक गप्प. उचल नसती तर दुकानातून उधारीवर, किंवा सावकाराकडून दिढीनं. दिढीनं 960 चे कापणीला 1440 होतात. भातात फेडायचे तर 500 च्या भावानं जवळजवळ तीन क्विंटल भात जातं. म्हणजे जास्तीचे अडीच क्विंटल तर गेलेच, वर घरच्या भातातलं अर्धं क्विंटल उचलून द्यायचं. शेत जास्त पिकलं, आणि कणगी रिकामी झाली. दोन महिन्यांचा तांदूळ ज्याच्या दारातून वाचवायला निघालो त्याच्याच दारात गेला.

म्हणून पाकिटाबद्दल आमचा पहिला प्रश्न "किती पिकतं" हा नसतो. पैसा कुणाचा, हा असतो. हातातल्या मजुरीतून थोडा तुकडा करून बघितला तर एक वर्ष बुडलं तरी माणूस उठतो. दिढीच्या पैशावर सगळं खाचर पाकिटाला दिलं, आणि हस्ताचा पाऊस दगा देऊन गेला, तर उठायला जागा राहत नाही.

हिशोब संपताना लेकानं मात्र एक वर्मी बोल लावला. बापाच्या भाताची मूठ हातात घेऊन तो म्हणाला, "बाबा, आजोबाचं बी आजोबाचं बी म्हणतोस, हे बघ. यात लाल दाणा हाय, बारीक हाय, जाड हाय. तीन जातींचं भात हाय. तुझ्या शेतात काही चूड आधी पिकतात, काही मागनं. हे आजोबाचं बी नाय, खळ्याचं झाडलोट हाय."

बापाला ते लागलं. पण मूठ खरं सांगत होती. दर वर्षी खायचं भात संपत आलं की उरेल ते बी, अशी गत झाली होती. एकाच खळ्यावर तीन वाण झोडायचे, एकाच गोणीत भरायचे. बी जुनं म्हणून वाईट झालं नव्हतं, निवडायचं सोडलं म्हणून वाईट झालं होतं. बाप उठला आणि जे थोडं गरवं अजून कापायचं राहिलं होतं त्यात शिरला. बांधापासून दहा-बारा फूट आत जाऊन, एकसारख्या उंचीच्या, एकाच वेळी पिकलेल्या, भरलेल्या, रोग नसलेल्या लोंब्या त्यानं हातानं खुडल्या. तीनशे लोंब्या. त्यांचं बी अर्धा-पाऊण किलो झालं. वेगळ्या मडक्यात घातलं, राख घालून तोंड बांधलं.

दुसरं वर्ष

मृग आला. या खेपेला भट्टीची उचल आजारपणात गेली होती. लेकाला पाकीट परवडेना. त्यानं एक तोड काढली. गेल्या सालच्या सात क्विंटलमधलं उत्तम बी त्यानं बाजूला ठेवलं होतं. तेच पेरायचं. बाप म्हणाला, "बरोबर हाय, बी ते बी. आपण असंच करत आलो." इथं दोघांचं एकमत झालं, आणि हेच एकमत महागात पडलं.

आवणीपर्यंत काही कळलं नाही. भाद्रपदात शेत बघवेना. एक चूड गुडघ्याएवढा, शेजारचा छातीएवढा. काही निसवले, काही अजून पोटरीत. पुढं काही पिकून दाणे गळायला लागले तेव्हा काहींच्या दाण्यात दूधच होतं. काही लोंब्या उभ्याच राहिल्या, हातात घेतल्या तर नुसतं पळिंज, आत दाणाच नाही. कापायचं कधी? आधी कापलं तर हिरवं जातं, थांबलं तर पिकलेलं गळतं. शेवटी मधल्याच एका दिवशी कापलं. सगळं मिळून साडेतीन क्विंटल, आणि गिरणीत त्याची कणी जास्त पडली.

लेकाला वाटलं दुकानदारानं फसवलं. बापाला वाटलं नजर लागली. दोन्ही नव्हतं. तालुक्याला कृषी सहाय्यकाला विचारलं तेव्हा कारण कळलं, ते प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे.

भाताचं फूल आपल्याच परागानं फळतं. एका फुलात नर-मादी दोन्ही, आणि फूल उघडतं तेवढ्यात पराग आपल्याच वर पडतो. म्हणून आजीनं ठेवलेलं बी नातवाच्या हातात तसंच येतं. बिघडतं ते बहुतेक खळ्यावर, गोणीत आणि शेतात गळलेल्या दाण्यानं. पाकीट बनवणारे मात्र दोन वेगळ्या जाती एकत्र आणतात. एक ओळ अशा भाताची लावतात ज्याचा स्वतःचा पराग वांझ असतो. शेजारी दुसऱ्या जातीच्या ओळी. फुलोऱ्यात दोरी ओढून किंवा काठीनं हलवून दुसऱ्याचा पराग पहिलीवर पाडतात. त्यातून जो दाणा होतो तो संकर, तेच पाकिटातलं बी. ते पहिल्या पिढीत सगळं एकसारखं आणि जोमदार उगवतं. पण त्याचं बी परत पेरलं की पुढच्या पिढीत आज्या-आजोबांचे गुण विस्कटून बाहेर पडतात. कुणी एका आजोबावर जातं, कुणी दुसऱ्यावर, कुणी मधेच. मूळ मादी जातीचा वांझपणाही काही झाडांत परत येतो, म्हणून पळिंज. यात कुणी विष घातलेलं नाही, संकराचा स्वभावच तो. पण त्या स्वभावामुळं बी दर वर्षी नवीन विकत घ्यावं लागतं, आणि विकणाऱ्याचा धंदा त्यावरच चालतो.

त्याच वर्षी बापाच्या वीस गुंठ्यांत थोडा फरक पडला. लोंब्यांचं बी त्यानं एक गुंठ्यात निराळं लावलं होतं. बाकीच्या तुकड्याला जुनंच बी, पण पेरायच्या आधी ते मिठाच्या पाण्यात टाकलं. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं, बी ओतून ढवळायचं, तरंगेल ते पोचट आणि रोगट दाणे काढून गुरांना घालायचे. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. लेकाकडं पाहून त्यानं रोपंही वेळेवर काढली आणि चुडात दोन-तीनच लावली. पावणेपाच क्विंटल झालं. आणि त्या वेगळ्या एका गुंठ्यात वीस किलो भात आलं, सगळं एका दाण्याचं. ते त्यानं आधी कापलं, खळं झाडून मगच झोडलं आणि वेगळ्या गोणीत भरलं.

तिसरं वर्ष

वीस किलो बियात वीस गुंठे लागले आणि वर सात-आठ किलो उरलं, ते शेजारच्या दोन घरांना दिलं. त्या वर्षी बापाचा तुकडा साडेपाच क्विंटलवर गेला. पाऊसही बरा होता, ते धरूनच हा आकडा घ्यावा. सगळं श्रेय बियाचं नाही, पण युरियाची गोणी न आणता एक क्विंटल वाढलं.

लेकाच्या तुकड्यात काय लावायचं? तो पुन्हा तालुक्याला गेला होता. तिथं त्याला कळलं की दुकानातलं सगळंच बी संकरित नसतं. रत्ना, जया, कर्जतच्या संशोधन केंद्रानं काढलेले कर्जत नावाचे वाण, हे सुधारित वाण आहेत. तेही आपल्याच परागानं फळतात. त्यांचं बी नीट निवडलं तर तीन-चार वर्षं घरचं घरी चालतं. त्याच कर्जत केंद्राचं सह्याद्री नावाचं भात मात्र संकरित आहे, त्याचं बी दर वर्षी नवीन लागतं. एकाच केंद्राचं भात, पण एक कणगीत राहतं, दुसरं राहत नाही. हा फरक दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

लेकानं वीस गुंठ्यांपैकी पंधरात सुधारित वाण लावला आणि पाच गुंठ्यांत, रोकड पैशानं, पाकीट. बाप म्हणाला, "पाकीट सोडणार नाहीस तर?"

"पाच गुंठे बुडाले तर मी बुडत नाय, बाबा. पण त्यातलं बी मात्र परत ठेवणार नाय. सगळं खायचं."

भांडण तिथं मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. पुढच्या वर्षी खाचरात कोणाला किती, यावर दोघे आजही बोलतात. पण आता ते हिशोबानं बोलतात.

बैठकीत काय करायचं

या गोष्टीतून गावाच्या बैठकीत तीन कामं ठरवावीत अशी आमची सूचना आहे.

पहिलं, दुकानात विचारायचं. पाकिटावर "संकरित", "हायब्रीड" किंवा "एफ-1" असं लिहिलं असेल तर त्याचं बी पुढं ठेवता येणार नाही. सुधारित वाणाचं प्रमाणित बी असेल तर पिशवीला निळी चिठ्ठी असते. हिरवी चिठ्ठी म्हणजे ते प्रमाणित नाही, विकणाऱ्यानं स्वतःच्या हमीवर विकलेलं आहे. उगवण किती टक्के आणि तपासणीची तारीख कोणती हे चिठ्ठीवर बघा. भाताला किमान 80 टक्के लागते आणि तपासणीपासून नऊ महिनेच ती चिठ्ठी चालते. पक्की पावती मागा. पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपा. बी उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं किंवा ग्राहक आयोगात हाच पुरावा. "पावती नको, दहा रुपये कमी देतो" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

दुसरं, पेरणीच्या पंधरा दिवस आधी घरच्या बियाची उगवण बघायची. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि रोज शिंपडा. आठ-दहा दिवसांनी चांगले कोंब मोजा. ऐंशीच्या वर असतील तर नेहमीएवढं पेरा. साठ-सत्तर असतील तर बी तेवढं वाढवा. पन्नासच्या खाली असेल तर ते खाऊन टाका आणि शेजाऱ्याकडून बी घ्या. याला पैसा लागत नाही. राबावर पेरून वाट बघण्यापेक्षा गोणपाटात कळलेलं बरं, कारण मृग पुन्हा येत नाही.

तिसरं, प्रत्येक पाड्यानं एक गुंठा बियासाठी ठेवायचा. गोष्टीतल्या बापानं केलं तेच. शेजारच्या वाणापासून तीन मीटर अंतर, गेल्या सालचं गळलेलं भात ज्यात उगवत नाही असं खाचर, निसवताना एकदा आणि पिकताना एकदा आत फिरून वेगळे दिसणारे चूड उपटणं, कापणी आधी, झोडणी झाडलेल्या खळ्यावर, आणि दाताखाली कट्ट वाजेपर्यंत उन्हात वाळवणं. वाळवण कच्ची राहिली तर कणगी कितीही चांगली असो, बी आत मरतं आणि पावसाळ्यातच कळतं. हळव्याचा एक गुंठा आणि गरव्याचा एक, एवढं पाड्याला पुरे. खाणाऱ्या भाताची कणगी वेगळी, बियाची वेगळी. भादव्यात कितीही ओढ लागली तरी बियाच्या कणगीला हात लावायचा नाही, हे बायांनी ठरवावं, कारण कणगी त्यांच्या हातात असते.

बी वाटताना मनात भीती नको. 2001 साली संसदेनं पीक वाण आणि शेतकरी हक्काचा कायदा केला. त्यात शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी ठेवणं, पेरणं, बदलणं, वाटणं आणि विकणंही त्याचा हक्क मानला आहे. कंपनीनं नोंदवलेल्या वाणालाही हे लागू आहे. फक्त कंपनीच्या नावाचं लेबल लावून विकता येत नाही. कुणी दुकानदार किंवा साहेब "बी वाटणं गुन्हा आहे" म्हणाला तर त्याला हे सांगा.

आणि हे बी किती मोलाचं आहे ते दुसऱ्यांना आपल्या आधी कळलं आहे. छत्तीसगडात डॉ. रिछारिया या भातशास्त्रज्ञानं आपल्यासारख्याच गावांतून सुमारे 19 हजार प्रकारचं भात गोळा केलं होतं. 2002 मध्ये रायपूरच्या कृषी विद्यापीठातल्या त्या साठ्यापर्यंत एक परदेशी कंपनी करार करून पोहोचत होती. लोक रस्त्यावर आले तेव्हा तो करार सुटला. ज्या बियाला आपण खळ्याची झाडलोट करून टाकलं त्यासाठी कंपन्या करार करतात, हे ध्यानात ठेवा.

उतारावरची जमीन आपली आहे हे सांगायला आपण मोर्चे काढतो. त्या जमिनीत शंभर दिवसांत पिकणारं हळवं भात आपल्याच कणगीत आहे. ज्या पाड्यांवर हळव्याचं चांगलं बी शिल्लक असेल त्यांनी रोहिण्या संपायच्या आत कार्यकर्त्याला कळवावं. ज्यांचं बी गेलं आहे त्यांनीही कळवावं. तालुक्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं मूठभर बी आणि शंभर दाण्यांचा हिशोब घेऊन यावा. तिथंच अदलाबदल करू.

जिंदाबाद!